छापून नीट बसणारी नट-बोल्टची जोडी : आट्यांच्या पिचनुसार मोकळीक कशी ठरवावी

त्रिमितीय छपाईयंत्रावर मी पहिल्यांदा नट-बोल्टची जोडी छापली, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर दोन्ही भाग एकमेकांत तंतोतंत बसत होते आणि घोळ नेमका तिथेच होता. छापून हातात आलेला नट बोल्टच्या टोकावर चढेचना. मग मी बहुतेक नवखे करतात तेच केले : स्लायसरमध्ये नट १०२ टक्के मोठा केला आणि पुन्हा छापला. या वेळी तो झोकात चढला, तीन फेरे सहज फिरला आणि चौथ्या फेऱ्याला असा रुतून बसला की पाना लावून काढताना बोल्टचे आटेच गेले. नट पहिल्यापासून घट्ट असता तर मोकळीक कमी पडली असे म्हणता आले असते. पण आधी सैल आणि मग घट्ट, याचा अर्थ लागायला मला बराच वेळ लागला.

अर्थ असा होता की, नट सर्व दिशांनी दोन टक्के वाढवल्यामुळे त्याच्या छिद्राबरोबर त्याची पिचही वाढली होती. बोल्टवर एका फेऱ्याला २ मिमी आणि नटात एका फेऱ्याला २.०४ मिमी. प्रत्येक फेऱ्याला ०.०४ मिमीची चूक साठत जाते आणि आट्यांमध्ये जेवढी जागा असेल तेवढी संपली की नट अडतो. म्हणून मोकळीक ही आट्याच्या आकृतीतच द्यावी लागते, भाग ताणून देता येत नाही. ती कुठे द्यायची, किती द्यायची आणि पिचशी तिचे नाते काय, हे एम-१६ मापाच्या, २ मिमी पिचच्या एका जोडीवर टप्प्याटप्प्याने पाहू. बोल्ट आणि नट दोन्ही छापायचे आहेत, नोझल ०.४ मिमीचे आहे आणि फिलामेंट पीएलए आहे, असे धरले आहे.

आधी आट्याची आकृती

बोल्ट उभा चिरला तर त्याच्या कडेला दातांची रांग दिसते. एका दाताच्या माथ्यापासून पुढच्या दाताच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे पिच; एकसरी आट्यात नट एका पूर्ण फेऱ्यात तेवढाच पुढे सरकतो. मेट्रिक आट्यात दाताच्या दोन उतारांमधला कोन ६० अंशांचा असतो. दाताला टोक नसते, माथ्यावर पिचच्या एक-अष्टमांश रुंदीची सपाटी असते आणि दोन दातांमधल्या खोबणीच्या तळाशी पिचच्या एक-चतुर्थांश रुंदीची. या मूळ आकृतीत दाताची खोली पिचच्या सुमारे ०.५४ पट भरते. आपल्या २ मिमी पिचसाठी ती १.०८ मिमी आहे, म्हणजे १६ मिमी व्यासाच्या बोल्टचा आतला गाभा सुमारे १३.८ मिमी राहतो.

नटाची मूळ आकृती हीच असते, फक्त बोल्टच्या दाताच्या जागी नटाची खोबण येते. दोन्ही याच आकृतीने काढले तर त्यांचे उतार एकमेकांना सर्वत्र चिकटलेले असतात आणि मध्ये काहीच जागा उरत नाही. लोखंडी नट-बोल्टच्या बाबतीतही कारखान्यात थोडी जागा ठेवतातच. छपाईत ती कितीतरी जास्त लागते, कारण वितळलेल्या प्लॅस्टिकची रेघ कडेला थोडी फुगते, उताराच्या जागी प्रत्यक्षात थरांच्या पायऱ्या तयार होतात आणि दाताची खालची बाजू अधांतरी छापली जात असल्याने किंचित लोंबते.

मोकळीक कुठे आणि किती

मोकळीक देण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे नटाची संपूर्ण आकृती, दातांसकट, अक्षापासून बाहेर सरकवणे. या सरकवण्याला आपण `g` म्हणू. ही त्रिज्येवरची मोकळीक आहे; व्यासावर ती दुप्पट दिसते. पुष्कळ ठिकाणी नुसतेच ‘०.४ मोकळीक द्या’ असे सांगितलेले आढळते, तेव्हा ती व्यासावर आहे की त्रिज्येवर, हे आधी विचारावे.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नट ०.२ मिमी बाहेर सरकवला म्हणून उतारांमधली खरी फट ०.२ मिमी होत नाही. उतार अक्षाशी काटकोनात असलेल्या रेषेपासून फक्त ३० अंशांनी कललेला असतो, त्यामुळे बाहेर सरकताना नटाचा उतार बोल्टच्या उताराशी जवळजवळ घसटतच जातो आणि त्यांच्यातले काटकोनातले अंतर सरकवण्याच्या निम्मेच वाढते. म्हणजे ०.२ मिमी सरकवल्यावर माथ्यापाशी ०.२ मिमी जागा मिळते, पण उतारांवर, जिथे आटे खरोखर घासतात तिथे, केवळ ०.१ मिमी. साध्या गोल दांडीला आणि छिद्राला जी मोकळीक पुरते ती आट्यांना का पुरत नाही, याचे कारण हेच आहे.

बऱ्यापैकी जुळवलेल्या ०.४ नोझलच्या यंत्रावर उताराला ही ०.१ मिमीची फट मला किमान लागते. म्हणून `g` ची खालची मर्यादा मी ०.२ मिमी धरतो. ही गरज यंत्राची आहे, आट्याच्या आकाराशी तिला देणेघेणे नाही. बोल्ट बारीक असला म्हणून रेघ कमी फुगत नाही.

पिच इथे दुसऱ्या बाजूने येते. मोकळीक दातांची एकमेकांतली पकड खाऊन टाकते. २ मिमी पिचला दात १.०८ मिमी खोल आहेत, त्यातले ०.२ गेले तर ०.८८ उरतात, म्हणजे पकडीचा पाचवा हिस्सासुद्धा गेला नाही. तीच ०.२ मिमी मोकळीक १ मिमी पिचच्या आट्यात दिली तर ०.५४ पैकी ०.३४ उरतात, म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक पकड गेली, आणि ०.७ मिमी पिचवर तर निम्म्याहून कमी पकड शिल्लक राहते. असा नट फिरतो छान, पण थोडा जोर लावला की आट्यांवरून उडी मारतो.

उलट पिच मोठी झाली की `g` थोडी वाढवावी लागते, कारण दात जास्त खोल असल्याने अधांतरी भाग लांबतो आणि जास्त लोंबतो, शिवाय मोठ्या पिचबरोबर सहसा व्यास आणि नटाची उंचीही वाढते आणि गोलाईतल्या व पिचमधल्या बारीक चुका मोठ्या होतात. या दोन्ही बाजू सांभाळून मी वापरतो तो आडाखा असा : `g` पिचच्या दहाव्या भागाइतकी घ्यावी, पण ०.२ मिमीच्या खाली नेऊ नये, आणि ती दाताच्या खोलीच्या एक-चतुर्थांशाहून जास्त होत असेल तर मोकळीक कमी करण्याऐवजी पिचच मोठी करावी. २ मिमी पिचला दोन्ही हिशेब ०.२ वरच येतात. एम-२० च्या २.५ मिमी पिचला ०.२५ येते. एम-१२ च्या १.७५ पिचला ०.२ घेतली तरी पकडीचा साधारण पाचवा भागच जातो. एम-८ च्या १.२५ पिचला मात्र तीस टक्के पकड जाते, आणि तिथे आडाखा आपल्याला थांबवतो. त्याचे काय करायचे ते पुढे येईल.

मोकळीक जास्त झाली तर नट घट्ट आवळलाच जाणार नाही, अशी एक भीती असते, ती अनाठायी आहे. नट आवळताना त्याच्या दातांची एकच बाजू बोल्टच्या दातांवर दाबली जाते आणि सगळी रिकामी जागा दुसऱ्या बाजूला जमा होते. मोकळ्या नटाचा डुगडुगेपणा आवळल्यावर नाहीसा होतो. कमी झालेली पकड मात्र भरून येत नाही.

सगळी मोकळीक मी नटालाच देतो, बोल्टला हात लावत नाही. निम्मी-निम्मी वाटण्यातही गैर काही नाही, पण नट लहान असतो आणि लवकर छापून होतो. मोकळीक बदलून पाहायची तर नट पुन्हा छापणे केव्हाही परवडते. याचा तोटा एवढाच की, मूळ मापाचा छापलेला बोल्ट बाजारातल्या लोखंडी नटात जाणार नाही. तसा बोल्ट हवा असेल तर तीच `g` बोल्टमधून वजा करावी.

आकृतीपासून घन वस्तूपर्यंत

हे मॉडेल मी ओपनस्कॅडमध्ये करतो, कारण तिथे मोकळीक हा एकच आकडा बदलून सगळे पुन्हा तयार होते. माउसने रेखाटन करणाऱ्या प्रणाल्यांमध्ये तयार आट्याची आज्ञा मिळते. तीत प्रत्यक्ष दात तयार करण्याचा पर्याय निवडून, मग नटातल्या आट्यांची सर्व पृष्ठे अक्षापासून बाहेर `g` इतकी सरकवावी लागतात. तत्त्व तेच.

सर्पिल वाटेवरून त्रिकोण फिरवून आटे काढण्याची पद्धत बहुतेकांना आधी सुचते, पण तीत फेऱ्यांच्या सांध्यावर पृष्ठे एकमेकांत घुसतात आणि जाळी बिघडते. त्यापेक्षा सोपी वाट आहे. आट्याचा आडवा छेद घेतला तर सगळे दात नाहीसे होतात आणि एकच बंद आकार उरतो : एका अंगाला किंचित फुगलेली चकती. ही चकती वर सरकवताना एका पिचमागे एक फेरा याप्रमाणे पिळत नेली की आटे आपोआप तयार होतात. छपाईयंत्रही प्रत्येक थरात हीच चकती काढत असते, त्यामुळे दाताचा माथा पाव मिलिमीटरच रुंद असला तरी ०.४ चे नोझल त्यापाशी अडत नाही.

```
D = 16; P = 2; L = 30; g = 0.2; n = 48;
h = 0.5413 * P;

function r(t, e) = let (u = min(t, 1 - t))
  D/2 + e - min(h, max(0, (u - 1/16) * P * 1.732));

module thread(len, e)
  linear_extrude(height = len, twist = -360 * len / P,
                 slices = ceil(n * len / P), convexity = 10)
    polygon([for (i = [0 : n - 1])
      r(i/n, e) * [cos(360*i/n), sin(360*i/n)]]);
```

यातले `r` हे फल माथ्यापासून किती दूर आलो ते पाहून त्रिज्या सांगते : सुरुवातीला माथ्याची सपाटी, मग उतार, मग खोबणीचा तळ. `1.732` हा आकडा उताराच्या ३० अंशांतून येतो. `e` म्हणजे आकृती बाहेर किती सरकवायची. बोल्टला ती शून्य आणि नटाला `g`. `twist` चे चिन्ह ऋण आहे याकडे लक्ष द्यावे, कारण ओपनस्कॅडमध्ये धन पिळाने डाव्या हाताचे आटे तयार होतात. दोन्ही भाग याच मॉड्यूलमधून येत असल्याने डावे आटेही एकमेकांत बसतीलच, पण ते वापरणाऱ्याच्या हाताला रोज फसवतील. `slices` हा शब्द गाळू नये. तो नसेल तर एका फेऱ्याला पुरेसे टप्पे मिळत नाहीत आणि आटे कोनाकोनाचे, मोडके निघतात.

आता बोल्ट आणि नट.

```
module bolt() {
  cylinder(d = 24 / cos(30), h = 10, $fn = 6);
  translate([0, 0, 10]) intersection() {
    thread(L, 0);
    union() {
      cylinder(d = D + 1, h = L - P, $fn = 96);
      translate([0, 0, L - P])
        cylinder(d1 = D + 1, d2 = D + 1 - 2*P, h = P, $fn = 96);
    }
  }
}

module nut() {
  k = D + 2*g + 1;
  difference() {
    cylinder(d = 24 / cos(30), h = 13, $fn = 6);
    translate([0, 0, -P]) thread(13 + 2*P, g);
    translate([0, 0, -0.01])
      cylinder(d1 = k, d2 = k - 2*P, h = P, $fn = 96);
    translate([0, 0, 13 - P + 0.01])
      cylinder(d1 = k - 2*P, d2 = k, h = P, $fn = 96);
  }
}

bolt();
translate([40, 0, 0]) nut();
```

षटकोनी डोक्याचे माप समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये २४ मिमी धरले आहे, म्हणजे २४ चा पाना लागतो. `cos(30)` ने भागण्याचे कारण असे की `cylinder` ला कोपऱ्यांमधला व्यास द्यावा लागतो. नटाची उंची १३ मिमी असून दोन्ही तोंडांची तिरपी कड वजा जाता साधारण पाच पूर्ण फेरे उरतात, ते पुरेसे आहेत.

या तिरप्या कडेबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण नवखे तिला शोभेची समजून वगळतात. बोल्टच्या टोकाशी आट्याचा शेवट जसाच्या तसा ठेवला तर तिथे दाताची पातळ, धारदार जीभ तयार होते; ती नीट छापली जात नाही आणि नट चढवताना पहिल्याच प्रयत्नात दुमडते. ४५ अंशांच्या उताराने टोक आतल्या गाभ्याच्याही खाली उतरवले की ही जीभ छाटली जाते आणि नट सरळ बसायला वाट मिळते. नटाच्या तोंडाशी तिचे दुसरेही काम आहे : छपाईचा पहिला थर बेडवर दाबला जाऊन पसरतो आणि छिद्राची कड आत येते. कड तिरपी असेल तर हा पसरलेला भाग आट्यांपर्यंत पोचतच नाही.

पूर्ण रेंडर करून बोल्ट आणि नट वेगवेगळ्या फाइलींत निर्यात करावेत. जुन्या आवृत्तीत नटाच्या वजाबाकीला बराच वेळ लागू शकतो. संगणक अडकला असे समजून बंद करू नये.

छपाईची मांडणी

दोन्ही भाग उभे छापावेत, बोल्ट डोके खाली ठेवून. अशाने आट्यांची गोलाई यंत्राच्या आडव्या हालचालींतून आणि पिच उभ्या हालचालीतून येते. दोन्ही भाग एकाच दिशेने आणि एकाच फिलामेंटने छापले तर उभ्या दिशेत जी काही चूक असेल ती दोघांतही सारखीच येते आणि एकमेकांना मारून जाते. एक भाग आडवा आणि एक उभा छापला तर ही सवलत राहत नाही.

मेट्रिक आट्याची खरी अडचण दाताच्या खालच्या बाजूला आहे. तो उतार आडव्या पातळीपासून फक्त ३० अंश वर असल्याने प्रत्येक थर खालच्या थराच्या बराच बाहेर येतो. थर ०.२ मिमीचा असेल तर हे बाहेर येणे सुमारे ०.३५ मिमी होते, म्हणजे ०.४२ मिमी रुंद रेघेचा बहुतेक भाग हवेत. थर ०.१२ मिमीचा केला तर ते ०.२१ मिमीवर येते आणि निम्मी रेघ खालच्या थरावर टेकते. म्हणून या जोडीसाठी मी ०.१२ मिमीचा थर घेतो. पंखा पूर्ण वेगात ठेवावा आणि बाहेरच्या भिंतीचा वेग कमी करावा.

याच उतारामुळे स्लायसर आपणहून आट्यांच्या खोबणीत सपोर्ट भरायला बघतो. सपोर्ट बंदच ठेवावा. खोबणीतून ते नखाने काढता येत नाहीत आणि काढले तरी उतार खडबडीत होऊन मोजूनमापून ठेवलेली ०.१ मिमीची फट तिथेच भरून जाते. भिंतीच्या रेघा चार ठेवल्या की संपूर्ण दात आणि त्यामागचा भाग भरीव होतो.

उभ्या छापलेल्या बोल्टची एक मर्यादा आहे, ती कितीही मोकळीक जुळवली तरी जात नाही : ताण थर एकमेकांपासून सुटण्याच्या दिशेने येतो आणि बोल्ट बहुधा डोक्याखालच्या मानेवर तुटतो. हाताने आवळण्यापुरता तो चांगला आहे, पान्याने जोर देण्यासाठी नाही.

तपासणी : घट्टपणा कुठे आहे ते ऐकावे

बोल्ट एकच छापावा आणि नट चार, `g` अनुक्रमे ०.१५, ०.२, ०.२५ आणि ०.३ ठेवून. नटांच्या एका बाजूला एक, दोन, तीन, चार अशा लहान खाचा कराव्यात. छापून झाल्यावर चारही सारखेच दिसतात आणि स्मरणशक्तीवर विसंबण्यात अर्थ नाही. वेळ वाचवण्यासाठी नट अर्ध्या उंचीचे छापण्याचा मोह टाळावा, कारण पिचमधली चूक फेऱ्यागणिक साठत जाते. दोन-तीन फेऱ्यांचा नट सहज पास होतो आणि पूर्ण नट अडकतो.

माझ्याकडे ०.१५ चा नट पान्याशिवाय पुढे जाईना. ०.२ चा दोन बोटांनी फिरला, पहिल्यांदा किंचित करकरला आणि दोन-तीनदा वरखाली केल्यावर गुळगुळीत झाला. ०.२५ चा टिचकीने फिरत होता आणि ०.३ चा धरून वरखाली हलवला की खुळखुळत होता. हा खुळखुळाट मोजण्याजोगा आहे : ६० अंशांच्या आट्यात अक्षाच्या दिशेने नट जेवढा हलतो ते अंतर `g` च्या सुमारे १.१५ पट असते, म्हणजे ०.२ ला साधारण ०.२३ मिमी. प्रत्यक्षात हलणे याहून बरेच कमी वाटत असेल तर उरलेली जागा फुगलेल्या रेघांनी खाल्लेली आहे.

नट चढेना तर `g` वाढवण्याआधी तो कसा अडतो हे पाहावे, कारण प्रत्येक दोषाची चाल वेगळी असते. तोंडाशीच अडत असेल आणि उलट करून दुसऱ्या तोंडाने लावल्यावर चढत असेल, तर पहिला थर पसरला आहे. कड चाकूने खरवडावी किंवा पुढच्या वेळी बेडपासूनचे अंतर थोडे वाढवावे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच घट्ट असेल, तर व्हर्नियर कॅलिपरने बोल्टचा बाहेरचा व्यास माथ्यांवर मोजावा : तो १६ मिमीच्या आसपास किंवा किंचित कमी असेल तर `g` वाढवणे योग्य आहे, पण १६.१५ वगैरे भरत असेल तर यंत्र जास्त प्लॅस्टिक सोडत आहे आणि ते आधी दुरुस्त करायला हवे. नाही तर पुढची प्रत्येक जोडी याच चुकीवर बेतावी लागेल. आधी सैल आणि नंतर क्रमाने घट्ट होत गेला, तर पिच जुळत नाही : कुठेतरी भाग ताणला गेला आहे, किंवा दोन भागांचे फिलामेंट अथवा छपाईची दिशा वेगळी आहे. एका फेऱ्यात एकदाच अडत असेल, तर थराच्या सुरुवातीचे-शेवटचे गाठाळ सांधे दोन्ही भागांत समोरासमोर येत आहेत. आणि एका फेऱ्यात दोनदा अडत असेल, तर यंत्र गोल काढायच्या जागी लंबगोल काढत आहे, तेव्हा पट्ट्यांचा ताण तपासावा.

पिच बारीक पडते तेव्हा

आता एम-८ कडे परत येऊ. १.२५ पिचला ०.२ मोकळीक तीस टक्के पकड खाते, आणि ०.१५ ने नट फिरत नाही. लोखंडी भागाशी जोडायचे नसेल तर इथे प्रमाणित पिच सोडून द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. ८ मिमी व्यासावरच २ मिमी पिच घ्यावी : `D = 8; P = 2;`, आणि डोक्याचे व नटाचे `24`, `10`, `13` हे आकडे त्या मानाने लहान करावेत. गाभा ६.६ वरून ५.८ मिमीवर येतो, म्हणजे त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ जवळपास चौथ्या हिश्शाने कमी होते, पण आटे मात्र एम-१६ इतकेच खोल आणि तितक्याच विश्वासाने छापले जातात. आट्यांनी दगा देण्यापेक्षा गाभा थोडा बारीक होणे परवडते.

प्रमाण सोडायचेच ठरले तर उतारही बदलता येतो. वरच्या संहितेत `1.732` च्या जागी `1` आणि `h` साठी `0.375 * P` घेतले की उतार ४५ अंशांचा होतो आणि माथा व तळ दोन्हींवर पिचच्या एक-अष्टमांशाची सपाटी उरते. खालची बाजू आता थराच्या जाडीइतकीच बाहेर येत असल्याने ०.२ मिमीच्या थरातही स्वच्छ निघते. मोकळीकेचा हिशेबही पालटतो : ४५ अंशांवर उताराची फट `g` च्या निम्मी नसून ०.७ पट असते, म्हणून ०.१ मिमी फटीसाठी `g` ०.१५ पुरते. २ मिमी पिचला दाताची खोली मात्र १.०८ वरून ०.७५ मिमीवर येते आणि मोकळीक वजा जाता ०.६ उरते. बरणीचे झाकण, दिव्याचे बूड किंवा असाच रुंद तोंडाचा भाग असेल तर ३ मिमी पिच घेऊन ही खोली भरून काढता येते. मग `g` ०.२ ठेवावी आणि चार नटांची चाचणी त्या पिचवर नव्याने करावी, कारण २ मिमी पिचवर सापडलेला आकडा तिथे जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.